जाळीखालचं पाणी जातं कुठे?

सिडनीतल्या इमारतींच्या स्ट्रेटा कमिट्यांवर बसलेल्या मराठी मंडळींना खुलं पत्र



वेंटवर्थव्हिल, वेस्टमीड, पॅरामाटा या पट्ट्यात माझ्या ओळखीच्या जितक्या इमारती आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी कमिटीवर आपलं एखादं माणूस आहे. पुण्या-ठाण्यात सोसायटीची सेक्रेटरीगिरी कधी चुकवली असेल तर ती इथे वसूल होते. मीही त्यातलाच एक. गेल्या वर्षी आमच्याकडे गाड्या धुण्याच्या मासिक योजनेचा प्रस्ताव आला आणि तो निकाली काढताना आम्ही एक चूक केली, मग ती निस्तरली. तसाच प्रस्ताव आता आणखी दोन इमारतींत आल्याचं ऐकलं, म्हणून हे पत्र.

प्रस्ताव आणणारा मुलगा मूळचा लातूरचा, इथे मास्टर्स करतो. योजना साधी होती. चारचाकीला महिन्याला 80 डॉलर, बाइकला 30, आठवड्यातून एकदा धुणं, ज्याच्या त्याच्या पार्किंगच्या जागेवर. आमचे अठ्ठावन्न फ्लॅट, खाली दोन मजली बेसमेंट. चोवीस गाड्या आणि सहा बाइक आठवडाभरात ठरल्या. पुण्यात आमच्या सोसायटीत पहाटे पाचला एक जण बादली आणि फडकं घेऊन यायचा, महिन्याच्या महिन्याला पैसे घेऊन जायचा, आणि त्याला परवानगी कुणी दिली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे आमच्या चेअरमनबाईंनी मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, हरकत काय आहे?

हरकत घ्यायला बाकीचे होतेच. मीटिंगमध्ये पाऊण तास भांडण झालं ते पाण्याच्या बिलावर. आमच्या इमारतीला एकच मीटर आहे. सिडनी वॉटरचं बिल सगळ्यांच्या लेव्हीतून जातं. बेसमेंटमधला नळ म्हणजे सगळ्यांचा नळ. तेव्हा ज्याच्याकडे गाडीच नाही, त्यानं दुसऱ्याच्या गाडीच्या आंघोळीचे पैसे का द्यावेत? मुद्दा तत्त्वाचा आहे, मान्य. पण हिशेब करून बघा. वापरलेल्या पाण्याचा दर हजार लिटरला तीन डॉलरच्या आसपास धरा. बादल्यांनी धुतलं तर एका गाडीला वीस लिटर. चोवीस गाड्या, महिन्यात चार वेळा, म्हणजे शहाण्णव धुण्यांना 1,920 लिटर, सुमारे सहा डॉलर. हे अठ्ठावन्न घरांत वाटलं तर घरटी दहा सेंट. पाइप मोकळा सोडला की मिनिटाला पंधरा लिटर सहज जातात. दहा मिनिटांत दीडशे लिटर, महिन्याला 14,400, म्हणजे त्रेचाळीस डॉलर. तेही घरटी पाऊण डॉलरच. दहा सेंटांसाठी नऊ सुशिक्षित माणसं पाऊण तास भांडली, आणि बेसमेंटचं पाणी उपसणारा पंप ते कुठे फेकतो हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

लातूरच्या पोराला पाण्याबद्दल शिकवण्याची कुणाची छाती नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी गेलं ते त्याच्या गावाला. तो तेव्हा शाळेत होता. ‘काका, मी दोन बादल्यांत गाडी काढतो, तुम्ही बघाच,’ म्हणाला, आणि खरोखरच काढली. इथेही पाणी मोजून वापरण्याचे दिवस येऊन गेलेत. 10 डिसेंबर 2019 पासून सिडनीत दुसऱ्या पातळीचे निर्बंध होते. घरी गाडी बादलीनं धुवायची, पाइप लावायचा नाही, आणि मोडलं तर 220 डॉलर दंड. त्या कसोटीला आमचा मुलगा पैकीच्या पैकी मार्कांनी पास झाला असता. पण त्याचा, आणि खरं तर आपल्या सगळ्यांचाच, पाण्याचा विचार नळापाशी सुरू होतो आणि बादलीपाशी संपतो.

चाचणी म्हणून एका रविवारी त्यानं तीन गाड्या धुतल्या. त्यांतली एक माझी, फुकट. (हे पुढे मीटिंगमध्ये मला सांगावं लागलं. ज्या कामाला आपण मंजुरी देणार त्याच्यातून आपल्याला काही मिळत असेल, तर कमिटीच्या सभासदानं ते उघड करून मतदानातून बाजूला व्हायचं असतं. मी झालो. तुम्हीही फुकटची गाडी धुऊन घेऊ नका.) दुपारी कुत्र्याला फिरवायला गेलेल्या शेजाऱ्यानं फोन केला. आमच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेच्या गटाराच्या तोंडाशी पांढरा फेस जमला होता, आणि त्याला माझ्या गाडीच्या शांपूचा चेरीचा वास येत होता.

सिडनीत जमिनीखाली पाण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि त्या एकमेकींना भेटत नाहीत. संडास, मोरी, सिंक यांचं पाणी सुएजच्या नळांतून शुद्धीकरण केंद्रात जातं. छप्पर, अंगण, रस्ता यांच्यावरचं पाणी स्टॉर्मवॉटरच्या नळांतून थेट ओढ्यात जातं, मधे शुद्धीकरणाची कुठलीही पायरी नाही. आमच्याकडून ते टूंगॅबी क्रीकला मिळतं आणि पुढे पॅरामाटा नदीला. बेसमेंटचं काय? बेसमेंटच्या फरशीत ज्या लोखंडी जाळ्या असतात, त्या पावसात रॅम्पवरून येणारं आणि गाड्यांवरून निथळणारं पाणी गोळा करण्यासाठी असतात. ते सगळं सर्वांत खालच्या मजल्यावरच्या एका खड्ड्यात उतरतं. त्यात दोन पंप असतात, पाणी ठरावीक उंचीला आलं की तरंगता गोळा वर उचलला जातो, पंप सुरू होतो आणि पाणी वर, रस्त्याकडे फेकलं जातं. म्हणजे बहुतेक इमारतींत बेसमेंटची जाळी ही स्टॉर्मवॉटरची जाळी असते. आपण तळघरात असल्यामुळे ते पाणी कुठेतरी ‘आत’ जातंय असं वाटतं, एवढंच.

आणि कायदा इथे मोघम नाही. न्यू साउथ वेल्सच्या 1997 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 120 खाली पाणी दूषित करणं हा गुन्हा आहे. कायद्यातल्या ‘पाण्या’च्या व्याख्येत नुसती नदी येत नाही, पावसाचं पाणी वाहून न्यायला बनवलेलं गटारही येतं. फेस नदीपर्यंत पोचला हे कुणाला सिद्ध करायला नको, गटारात सोडला एवढं पुरे. ‘माझा शांपू बायोडिग्रेडेबल आहे’ हे उत्तर आमच्याकडेही आलं. तो विघटन पावतो हे खरं, पण त्याला वेळ लागतो आणि ते होताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. तोवर साबणातले फेस आणणारे घटक माशांच्या कल्ल्यांवरचा बुळबुळीत थर धुऊन काढतात. शिवाय साबण बाजूला ठेवला तरी चाकांवरची काळी भुकटी असतेच. ती ब्रेकच्या पॅडची झीज असते आणि तिच्यात धातू असतात. बाइकच्या चेनचं ग्रीस काढायला वापरतात तो डीग्रीझर तर या सगळ्यात वाईट. म्हणून ‘नुसत्या पाण्यानं धुतो’ हीसुद्धा पळवाट नाही.

आता तुमच्या इमारतीत जाळी कुठे जाते हे कसं ओळखायचं? स्ट्रेटा मॅनेजरकडून इमारतीचे हायड्रॉलिक नकाशे मागवा. नकाशावर नळांना वेगवेगळी खूण असते, स्टॉर्मवॉटरच्या रेषेवर SW लिहिलेलं असतं. पण नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांचं नातं आपल्याला माहीत आहे, तेव्हा प्लंबरकडून रंगाची चाचणी करून घ्या. जाळीत चमकदार हिरवा रंग टाकायचा आणि बाहेर बघत उभं राहायचं. यात एक गोम आहे. पंप सुरू व्हायला खड्डा भरावा लागतो, त्यामुळे रंगामागून भरपूर पाणी ओतावं लागतं. आणि वेंटवर्थव्हिलच्या बाजूच्या बऱ्याच इमारतींत पूर टाळण्यासाठी पावसाचं पाणी थोपवून सावकाश सोडणारी एक टाकी असते. आमच्याकडे आहे. हिरवा रंग रस्त्यावर यायला पाऊण तास लागला. अर्ध्या तासानं आमचे खजिनदार ‘बघा, काही नाही’ म्हणून वर चहाला गेले होते. पाच मिनिटांत रंग दिसला नाही म्हणून जाळी निर्दोष आहे असं मानू नका.

त्याच प्लंबरनं दुसरी गोष्ट दाखवली, जिच्यासाठी मी हे पत्र लिहितोय. वरच्या बेसमेंटच्या कोपऱ्यात, लिफ्टच्या मागे, एक मोकळी जागा होती. म्हणजे कागदावर मोकळी. प्रत्यक्षात तिथे फ्रीजचे खोके, एक गादी आणि कुणाच्या तरी पाहुण्यांची गाडी असायची. तिथे एक नळ होता, भोवती पावलाएवढा उंचवटा होता आणि मधे एक वेगळी जाळी. प्लंबरनं झाकण उचललं. खाली गाळ आणि तेल अडवणारा कप्पा होता आणि पुढचा नळ सुएजला जोडलेला. ती इमारतीची वॉश बे होती. इमारत मंजूर करताना अनेक कौन्सिलांनी अशी जागा बिल्डरला सक्तीची केलेली असते. आम्ही आठ वर्षं तिच्यावर गादी टाकून ठेवली होती.

तुमच्याकडे अशी जागा असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर ‘एक जाळी सुएजला जोडून टाकू’ इतकं ते सोपं नाही. सुएजमध्ये पावसाचं पाणी शिरता कामा नये, म्हणून जागेवर छप्पर आणि भोवती बांध हवा. सिडनी वॉटरची परवानगी हवी, परवानाधारक प्लंबर हवा, आणि कॉमन प्रॉपर्टीत बदल म्हणून सर्वसाधारण सभेत स्पेशल रिझोल्यूशन हवं. म्हणजे पडलेल्या मतांपैकी, युनिट एन्टायटलमेंटच्या हिशेबानं, पंचवीस टक्क्यांहून जास्त मतं विरोधात जाता कामा नयेत. धुणाऱ्या मुलाच्या योजनेसाठी एवढा खटाटोप कुणी करणार नाही. मग उत्तर सरळ आहे: तुमच्या इमारतीत ओलं धुणं होऊ शकत नाही, फक्त पुसणं होऊ शकतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

मंजुरीचा घोळही याच ओघात सांगतो. कमिटीच्या अधिकारात काय येतं आणि काय नाही, यावर 2015 च्या स्ट्रेटा कायद्याची चौकट आहे. बाहेरच्या माणसाला ठरलेल्या वेळी आत येऊ देणं, वॉश बेच्या वेळा ठरवणं, विम्याचा कागद मागणं, हे कमिटी साध्या ठरावानं करू शकते. पण त्या मुलाला बादल्या ठेवायला बेसमेंटच्या भिंतीला कायमचं कपाट हवं होतं, आणि शनिवारी वॉश बे फक्त त्याच्या गिऱ्हाइकांसाठी राखून हवी होती. सगळ्यांच्या जागेवर एकाचा कायमचा हक्क म्हटलं की ते कमिटीच्या हातात राहत नाही, बाय-लॉ लागतो, आणि बाय-लॉला पुन्हा तेच स्पेशल रिझोल्यूशन. शिवाय सभेत पास झालेला बाय-लॉ सहा महिन्यांच्या आत नोंदवावा लागतो. नोंदणी होईपर्यंत त्याला काडीचा अर्थ नाही. टाळ्या वाजवून पास केलेले आणि स्ट्रेटा मॅनेजरच्या ईमेलमध्ये मरून पडलेले बाय-लॉ मी पाहिलेत. आम्ही कपाटच नाकारलं. त्यानं सामान चाकाच्या ट्रॉलीत आणावं आणि घेऊन जावं. राखीव वेळही दिली नाही. बेच्या दारावर वेळापत्रक लावलं, त्यात कुणीही नाव लिहावं, तोही लिहील.

वेळापत्रक मांडल्यावर खरी अडचण समोर आली. एक वॉश बे, एका गाडीला अर्धा तास. चोवीस गाड्या दर आठवड्याला म्हणजे बारा तास. शनिवारी आठच्या आधी सुरू करू देणार नव्हतो, म्हणजे रात्रीचे आठ. इतर रहिवाशांनी काय करायचं? शेवटी योजनाच बदलली. प्रत्येक गाडी पंधरवड्यातून एकदा बेमध्ये नीट धुवायची, बारा एका शनिवारी आणि बारा दुसऱ्या. सहा तासांत, दुपारी दोनला बे मोकळी. मधल्या आठवड्यात गाडी जागेवरच पुसायची, रिन्सलेस पद्धतीनं. यात आठेक लिटर पाण्यात एक झाकणभर द्रव टाकतात, जो मातीच्या कणाभोवती बुळबुळीत वेष्टन करतो. स्वच्छ मायक्रोफायबर फडकं त्यात बुडवून, हलकं पिळून, एका दिशेनं एक पट्टा पुसायचा, फडक्याची बाजू बदलायची, लगेच कोरडं करायचं. जमिनीवर पाणी सांडतच नाही, उरलेलं बादलीतलं पाणी मोरीत ओतायचं. सहा बाइकांचं तर अजून सोपं झालं. त्या ढकलत बेमध्ये नेता येतात, दहा मिनिटांत एक. चेनला जोराचं पाणी मारायचं नाही, डीग्रीझर कपड्यावर घेऊन पुसायचा आणि तो कपडा कचऱ्यात.

रिन्सलेसला मर्यादा आहे. पावसाळी आठवड्यात, चिखलातून आलेल्या गाडीला ते करायचं नाही. सुका जाड मातीचा थर फडक्यानं ओढला की तो सँडपेपरच होतो. ओरखडे लगेच दिसत नाहीत. गाडी उन्हात काढा, काळ्या किंवा गडद निळ्या बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब बघा. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेघांची जाळी दिसली तर समजा की कुणीतरी घाण फडक्यानं पुसलंय. माझ्या पुण्याच्या गाडीवर अशी जाळी होती. एका बादलीत आठ गाड्या आणि एकच फडकं, याचा तो दाखला. म्हणून आमच्या अटींत एक ओळ आहे: दर गाडीला दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडकं खंगाळायची, आणि दर गाडीला नवी फडकी. हे पाणी वाचवण्यासाठी नाही, रंग वाचवण्यासाठी आहे, पण गाडीमागचे वीस लिटर त्यातच बसतात.

मासिक पैशांचं म्हणाल तर ते आम्ही ओनर्स कॉर्पोरेशनच्या खात्यातून जाऊ दिले नाहीत. लेव्हीत टाका, सोयीचं होईल, असं दोघांनी सुचवलं होतं. टाकले तर ज्याला नको तोही गिऱ्हाईक होतो, आणि धुणाऱ्याचं देणं कॉर्पोरेशनच्या डोक्यावर येतं. रहिवासी आणि तो, आपापसात. पाण्यासाठी त्यानं वर्षाचे शंभर डॉलर एकरकमी द्यायचे ठरलं. ते वीस लिटरच्या हिशेबापेक्षा जास्त आहेत, पण दहा सेंटांचं भांडण कायमचं मिटवायला स्वस्त आहेत. नळाला कुलूप आहे, किल्ली त्याच्याकडे आणि केअरटेकरकडे. ‘काका, रसीद कशाला, सगळे कॅश देतात,’ असं तो म्हणाला तेव्हा मात्र मी त्याला खाली बसवलं. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला अठ्ठेचाळीस तासच काम करता येतं, आणि हे कामही त्यात मोजलं जातं. एबीएन घे, पावत्या दे, पब्लिक लायबिलिटीचा विमा काढ. ओल्या इपॉक्सीच्या फरशीवरून एखाद्या आजी घसरल्या तर इमारतीचा विमावाला पहिला प्रश्न विचारणार की पाणी कुणी सांडलं. विमा काढायला त्याला तीन आठवडे लागले. त्या काळात गाड्या मळक्या राहिल्या, कुणी मेलं नाही.

दोन बारीक गोष्टी अजून. गाडी बेपर्यंत चालवत नेण्याचं काम मालकाचं. किल्ल्या त्याच्या खिशात ठेवू नका. पुण्यात हा प्रश्नच नव्हता, कारण गाडी जागेवरून हलत नव्हती. इथे तो चालवताना खांबाला घासली तर कुणाचा विमा, हे भांडण दहा सेंटांचं नसेल. आणि पेट्रोलवर चालणारा प्रेशर वॉशर बेसमेंटमध्ये कधीही नको. बंद जागेत त्याचा धूर साचतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एका सज्जनानं ‘स्वतःचा आणतो, लवकर होईल’ म्हणून प्रस्ताव दिला होता.

योजना सुरू होऊन आता सात महिने झाले. बारापैकी दोन-तीन जण दर शनिवारी गाडी आणायला विसरतात आणि पुढच्या आठवड्यात जागेवरच पाइपानं धू म्हणून मागे लागतात. मुलगा नाही म्हणतो, मग ते मला फोन करतात, मीही नाही म्हणतो. वॉश बेमधले खोके गेले, पाहुण्यांची गाडी गेली. गादी अजून तिथेच आहे. नोटीस तीनदा लावली, कुणी मालक पुढे आला नाही. कौन्सिलचा मोठ्या कचऱ्याचा दिवस पुढच्या महिन्यात आहे.

तुमच्याकडच्या वॉश बेवर काय आहे तेवढं एकदा खाली जाऊन बघून या.



आपला,
वेंटवर्थव्हिलचा एक स्ट्रेटा कमिटी सभासद